व्यवसाय बंद करताना शेवटचं वाक्य कसं लिहावं?

‘कू’ हे भारतीय समाजमाध्यम २०२० मध्ये सुरू झालं आणि जुलै २०२४ मध्ये बंद पडलं. त्यावर मराठीतही लिहिता येत असे. संस्थापक अप्रमेय राधाकृष्ण आणि मयांक बिदावतका यांनी तेव्हा प्रसिद्ध केलेलं निरोपाचं निवेदन धंदा गुंडाळणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. मोठ्या कंपन्यांशी भागीदारीची बोलणी केली पण ती फळाला आली नाहीत, तंत्रज्ञानाचा खर्च जड होता, हे त्यांनी आधी सांगितलं. आम्ही हाडाचे उद्योजक आहोत, या ना त्या रूपाने पुन्हा मैदानात दिसू, हे आलं अगदी शेवटाकडे.

परत येण्याचा शब्द त्यांनी स्वतःपुरता दिला. ‘कू’ परत येईल, असं ते म्हणाले नाहीत. शेवटच्या वाक्याची सारी मदार या फरकावर असते. बंद पडलेला धंदा बंद पडला असंच लिहायचं. आशा ठेवायची ती माणसाच्या पुढच्या कामाबद्दल.

घरगुती मसाले विकणारी आणि दर महिन्याला ग्राहकांना वार्तापत्र पाठवणारी एखादी उद्योजिका घेऊ. तिच्या मनात पहिल्यांदा येईल, ‘हा शेवट नाही, नव्या प्रवासाची सुरुवात आहे!’ पण ज्या ग्राहकाने आगाऊ पैसे भरलेत किंवा ज्या कामगार बाईचा रोजगार गेला, तिला हे वाक्य झोंबेल. त्यांच्यासाठी तो शेवटच आहे. म्हणून दुकान कधी बंद होणार, राहिलेल्या मागण्यांचं काय, पैसे कोणत्या तारखेपर्यंत परत मिळणार, हे सगळं पत्राच्या वरच्या भागात स्पष्ट लिहावं. हे हिशेब शेवटच्या ओळीत कोंबू नयेत.

मग शेवटची ओळ अशी होईल: ‘हा धंदा मला टिकवता आला नाही, याचं दुःख आहे, जूनपासून मी मसाले कांडून देण्याची कामं घेणार आहे.’ पहिल्या अर्ध्या वाक्यात नुकसान आहे, दुसऱ्यात तिच्या हातातलं एक छोटं, ठरलेलं काम. ‘पण’, ‘तरीही’ असे शब्द मुद्दाम टाळलेत, कारण ते आले की आधीचं दुःख पुसल्यासारखं वाटतं.

पुढचं काहीच ठरलं नसेल, तर तेही लिहिता येतं: ‘पुढे काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, ठरलं की एकदा कळवीन.’ हेही भविष्याकडेच बघणं आहे, आणि पाळता येईल असं वचन आहे.

पत्र पाठवण्याआधी ती ओळ, तुमचा धंदा बुडाल्याने ज्याचं सर्वांत जास्त नुकसान झालं त्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवता येईल का, हे स्वतःला विचारा. जीभ अडखळली, तर ओळ बदला.