मानधन

सामाजिक संस्थांमध्ये महिनाअखेरीला जे हातात पडतं त्याला बरेचदा पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. शब्द मोठा गोड आहे, आणि तिथेच गोची आहे. पगार पुरत नसेल तर वाढ मागता येते. मान वाढवून कसा मागणार?

समजा, कौटुंबिक हिंसाचारावर काम करणाऱ्या संस्थेत एक समुपदेशक ताई आहेत. महिना १८ हजार रुपये, करार ११ महिन्यांचा, कागदावर वेळ दहा ते सहा. पण वस्तीत प्रत्येकीकडे ताईंचा स्वतःचा मोबाइल नंबर आहे. रात्री अकराला फोन येतो, “ताई, त्यानं घराबाहेर काढलंय.” आठवड्याला असे तीन फोन आणि प्रत्येकी दीड तास धरला, तर महिन्याला १८ तास होतात. म्हणजे कामाचे सव्वादोन दिवस, जे कुठल्याही हजेरीपटावर नाहीत. फोन बंद ठेवला तर झोप लागत नाही, कारण पलीकडची बाई खरंच रस्त्यावर उभी असते. ही अपराधाची भावना खोटी नाही. फक्त जी जबाबदारी संस्थेची, ती एकट्या ताईंच्या उशाशी येऊन बसलेली आहे.

संस्थाचालकांना खलनायक ठरवून मात्र भागत नाही. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीनं ५० टक्क्यांवरून २० वर आणली. कार्यालयाचं भाडं, हिशेबनीस, व्यवस्थापक अशा खर्चांची त्यातच दाटी. इथले देणगीदारही ‘थेट लाभार्थींवर किती?’ हेच आधी विचारतात. ताई रजेवर गेल्या तर बदली कोण, यासाठी अंदाजपत्रकात बहुधा ओळच नसते.

‘बर्नआउट’ हा शब्द आज आयटीवाल्यांचा वाटतो. पण मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये त्यावर लिहिलं ते न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यातले कार्यकर्ते आणि स्वतःलाही पाहून. सर्वांत झोकून देणारी माणसंच आधी कोसळतात, हे त्यांनी नोंदवलं. त्यांनी सांगितलेली एक खूण आजही लागू पडते: माणूस अधिकाधिक तास थांबतो आणि काम कमी कमी होत जातं. आपण त्यालाच ‘किती झटते बिचारी!’ म्हणतो.

यावरचा उपाय ताईंच्या योगवर्गात नाही. रात्रीचा फोन संस्थेचा हवा आणि तो पाळीनं फिरायला हवा. चौघींत वाटला तर महिन्यात एकच आठवडा वाट्याला येतो. रात्री जागलेल्या तासांची दुसऱ्या दिवशी भरपाई रजा मिळावी, आणि ताईंचा खासगी नंबर वस्तीत जाऊच नये. पहिले काही महिने बायका कुरकुरतील, कारण त्यांचा विश्वास ताईंवर आहे, संस्थेवर नाही. तो वळवायला वेळ लागतो, आणि चार समुपदेशक ठेवायला पैसे लागतात.

पुढच्या वेळी देणगीचा धनादेश लिहिताना एवढंच विचारा: रात्रीच्या फोनचा खर्च यात धरला आहे का?