दोघांचा आवाज, दोन फाइल

झूमवर पाहुणे बोलत असताना मुलाखतकार खोकला आणि दोन्ही आवाज एकाच फाइलमध्ये असले, तर तो खोकला नंतर वेगळा काढणं फार अवघड. म्हणून संगणकावर रेकॉर्ड करताना झूमच्या सेटिंगमध्ये ‘Record a separate audio file for each participant’ हा पर्याय आधीच निवडावा.

तरीही पाहुण्यांचा आवाज इंटरनेटवरूनच येतो. नेट अडखळलं की तुटलेले शब्द फाइलमध्येही तुटलेलेच राहतात. त्यामुळे पाहुण्यांनी हेडफोन लावून बोलावं आणि शेजारी ठेवलेल्या फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून पाठवावा. हेडफोन नसेल, तर त्यांच्या फाइलमध्ये मुलाखतकाराचा आवाजही पुसटसा ऐकू येतो.

संपादनात झूमची फाइल वाटाड्यासारखी वापरावी: पाहुण्यांचं पहिलं वाक्य दोन्ही फाइलमध्ये जुळवायचं आणि मग झूमची फाइल बंद करायची. दोन यंत्रांची घड्याळं किंचित वेगळी चालतात. दहा लाखांत वीस भागांचा फरक तासाभरात 72 मिलिसेकंदांचा होतो. म्हणून शेवटचं वाक्यही तपासावं. ते सरकलेलं असेल, तर मधल्या शांततेत कापून फाइल पुन्हा जुळवावी.