बिल कोणाच्या नावावर?

लिआँच्या एका हॉटेलात 12 वर्षं काउंटर सांभाळलेल्या एका मराठी बाईंनी मला त्यांच्या अर्जाचा मसुदा पाठवला होता. त्यांना हॉटेल सोडून खासगी दवाखान्याच्या प्रवेश विभागात जायचं होतं. जागा निघाल्याची जाहिरात नव्हती. फ्रान्समध्ये असा आपणहून पाठवलेला अर्ज अगदी रुळलेला आहे, त्याला 'काँदिदात्यूर स्पाँताने' म्हणतात. बाईंची फ्रेंच उत्तम होती, तरी मसुदा फसला होता.

पहिल्याच ओळीत त्यांनी लिहिलं होतं, "मी सध्या व्यवसाय बदलते आहे." पुढे हॉटेलातल्या रात्रपाळ्या, थकवा, नवं काही करण्याची ओढ. सगळं खरं होतं. पण ज्याने जाहिरातच दिलेली नाही त्या माणसाला ही गोष्ट कशाला हवी? मग दुसऱ्या परिच्छेदात "काटेकोर, उत्साही, माणसांत मिसळणारी" अशी तीन विशेषणं होती. ती प्रत्येक अर्जात असतात, म्हणून कोणाच्याच उपयोगाची नसतात.

फ्रेंच अर्ज शिकवताना तीन शब्दांचा क्रम सांगितला जातो: व्हू, म्वा, नू. म्हणजे आधी तुम्ही, मग मी, मग आपण. क्षेत्र बदलणाऱ्याने तर तो मोडूच नये, कारण "मी" आधी आलं की वाचणाऱ्याला फक्त परका माणूस दिसतो. म्हणून आम्ही आधी दवाखान्याच्या टेबलापाशी जाऊन बसलो. तिथे काय चालतं? रुग्णाची ओळख तपासायची, त्याचं विमाकार्ड, म्हणजे कार्त व्हिताल, वाचायचं, फाइल उघडायची आणि खर्च कोणाच्या नावावर जातो ते ठरवायचं. एक वाटा सरकारी आरोग्यविमा उचलतो, एक म्यूत्युएल नावाचा पूरक विमा. स्वतंत्र खोली मागितली असेल आणि तिचा जादा आकार विम्यात बसत नसेल, तर तो रुग्णाच्या खिशातून.

हे ऐकून बाई म्हणाल्या, "अहो, हे तर मी रोज करते." कामानिमित्त आलेल्या पाहुण्याचं खोलीचं भाडं त्याची कंपनी देते, मिनीबारचे पैसे तो स्वतः देतो. एका मुक्कामाची दोन बिलं होतात. कोणती रक्कम कोणत्या बिलावर, हे पाहुणा दारात उभा असतानाच ठरवावं लागतं, कारण तो गेल्यावर वसुली होत नाही. अर्जात सांगण्यासारखं कौशल्य हेच होतं. मसुद्यात त्याचा उल्लेखही नव्हता.

एका क्षेत्रातून दुसऱ्यात नेता येणारं कौशल्य ओळखायची माझी कसोटी साधी आहे. जुन्या कामाचं वर्णन असं करा की समोरच्याला त्यात त्याचं काम दिसेल. "ग्राहकसेवा" म्हटल्याने ते दिसत नाही. "एका मुक्कामाचे दोन देणारे" म्हटलं की दिसतं.

मग ईमेलचा विषय असा ठरला:

```
Candidature spontanée – Bureau des entrées – 12 ans d'accueil et de facturation
```

मधला भाग दवाखान्यातल्या त्या विभागाचं नाव आहे आणि शेवटी 12 वर्षांचं स्वागत व बिलिंग. हॉटेल हा शब्द मुद्दाम टाळला, तो आत येतोच.

उणीव लपवायची नाही, हाही माझा आग्रह होता. दवाखान्याचं बिलिंग त्यांना येत नव्हतं आणि मुलाखतीत ते पाच मिनिटांत कळलं असतं. म्हणून त्यांनी एका वाक्यात ते मान्य केलं आणि लगेच काही दिवस तिथे बसून काम पाहण्याची परवानगी मागितली. बाई बेरोजगार म्हणून नोंदलेल्या होत्या, त्यामुळे फ्राँस त्रावाय या सरकारी रोजगार संस्थेमार्फत असा अल्पकाळ कामाचा अनुभव त्यांना घेता येत होता. करार आधी सह्या होऊन तयार असावा लागतो आणि दवाखान्याला पगार द्यावा लागत नाही. नोकरीपेक्षा एवढ्या मागणीला "हो" म्हणणं सोपं.

शेवटच्या ओळीत एक चूक फार लोक करतात, बाईंनीही केली होती. "दाँ लातांत द व्होत्र रेपाँस", म्हणजे "आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत", असं म्हणून त्यांनी पुढे "व्हये आग्रेये", म्हणजे "कृपया स्वीकारावे", असं लिहिलं होतं. व्याकरणाने पाहिलं तर उत्तराची वाट वाचणाराच बघतोय असा अर्थ होतो. प्रतीक्षा आपण करतो, म्हणून पुढे "ज व्हू प्री दाग्रेये", म्हणजे "मी आपणास विनंती करते", असंच हवं. सुरुवातीलाही नुसतं "मादाम," पुरतं, आडनाव जोडायचं नसतं.

ईमेल मनुष्यबळ विभागाबरोबरच प्रवेश विभागाच्या प्रमुखांना गेला. दहा दिवसांनी बाईंनी दोन ओळींची आठवण पाठवली. त्यावर प्रमुखांचं उत्तर आलं. त्यात 12 वर्षांच्या अनुभवाबद्दल काही नव्हतं. विचारलं होतं ते एवढंच, की कंपनीने खोलीचं बिल नाकारलं तर तुम्ही काय करता?