एकाच माणसाच्या तीन राशी

समजा, २५ एप्रिलला भर दुपारी बारा वाजता पुण्यात मुलगी झाली. मोठी झाल्यावर ती मैत्रिणींना सांगते, ‘मी वृषभ.’ आई म्हणते, ‘छे, तुझी रास वृश्चिक, म्हणून तर नावरसात ‘न’ आला.’ गुरुजी पत्रिका उघडून म्हणतात, ‘लग्न कर्क आहे.’ तिघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे.

पत्रिकेत वरच्या मधल्या चौकोनात जो आकडा, ती लग्नरास. इथे ४, म्हणजे कर्क. जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर ही रास उगवत होती. ‘चं’ लिहिलेल्या घरात ८ आहे, म्हणजे चंद्र वृश्चिकेत. आपल्याकडे नुसतं ‘रास’ म्हटलं की हीच. नावरस, साडेसाती सगळं तिच्यावरूनच. ‘र’ म्हणजे रवी, तो १ आकड्याच्या घरात, मेषेत. मग मैत्रिणींना सांगितलेली वृषभ कुठून आली? पाश्चात्त्य पद्धत राशी वसंतसंपातापासून मोजते, आपली निरयन पद्धत ताऱ्यांपासून. दोन्हींत आज सुमारे २४ अंशांचं अंतर आहे, त्यामुळे बहुतेकांची रविरास एका घराने बदलते.

ज्योतिषी रवीवरून माणसाचा अहं, जिद्द आणि मानाची ओढ पाहतात. मेषेचा रवी म्हणजे पुढाकार घेणारी, ऐकून न घेणारी मुलगी. चंद्र म्हणजे मन. वृश्चिकेत तो नीचेचा मानतात. ही मुलगी रागावेल ते बोलून दाखवणार नाही, पण वर्षानुवर्षं विसरणारही नाही. लग्नावरून शरीरयष्टी, वागण्याची ढब आणि पहिली छाप. कर्क लग्नामुळे पाहुण्यांना ती मऊ, घरात रमणारी वाटेल. वर्गात मॉनिटर होण्यासाठी भांडणारी आणि पाहुण्यांसमोर आईच्या मागे लपणारी मुलगी एकच, हे ज्योतिषी असं जुळवून घेतात.

रवी एका राशीत महिनाभर राहतो, चंद्र सव्वादोन दिवस, लग्न मात्र साधारण दोन तासांत बदलतं. हीच मुलगी सकाळी दहाला जन्मली असती, तर लग्न मिथुन आलं असतं आणि तिला बडबडी म्हटलं गेलं असतं. म्हणून जन्मवेळ ‘दहा-बाराच्या सुमारास’ अशी असेल, तर लग्नावरून काढलेल्या स्वभाववर्णनाला काही अर्थ नाही, हे ज्योतिषीही मान्य करतील.

आणि वेळ अचूक असली तरी? जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार व मतिमंद मुलांच्या २०० पत्रिका जमवल्या आणि कोणती कोणाची ते ज्योतिषांना ओळखायला सांगितलं. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बरोबर उत्तरं ४६ टक्के होती, म्हणजे छापा-काटा करूनही याहून कमी पडली नसती.