टोकन रिंग: पाळीची हमी

एकाच तारेवर अनेक संगणक जोडले की प्रश्न येतो, आधी कोणी बोलायचे? झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली जन्मलेल्या इथरनेटने त्याला सोपे उत्तर दिले. तार मोकळी असेल तर पाठवा. दोघांचे संदेश आदळले तर थांबा आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

किती वेळ थांबायचे, हे मात्र नशिबावर सोडलेले असते. दहा मेगाबिटच्या इथरनेटमध्ये वेळेचा एक कप्पा ५१.२ मायक्रोसेकंदांचा. पहिल्या टकरीनंतर शून्य किंवा एक कप्पा, दुसरीनंतर शून्य ते तीन, असा पल्ला दर टकरीला दुप्पट होत १०२३ पर्यंत जातो. सोळा प्रयत्न फसले की संदेश टाकूनच दिला जातो. शिवाय, जिंकलेल्याची मोजणी पुन्हा शून्यावर येते आणि हरलेल्याचा पल्ला वाढत जातो. त्यामुळे नुकताच बोललेलाच पुन्हा बाजी मारतो. सरासरी वाट थोडी, पण कमाल किती, याला उत्तर नाही.

आयबीएमने १९८५ साली बाजारात आणलेल्या टोकन रिंगमध्ये टक्कर होतच नाही. संगणकांच्या कड्यातून तीन बाइटांचे टोकन फिरत असते. ज्याच्या हाती ते येईल त्यानेच पाठवायचे, ठरलेल्या मुदतीत आटोपायचे आणि टोकन पुढे सोडायचे. सोडल्यावर ते पूर्ण फेरी मारूनच परत येते.

इथेच हिशोब मांडता येतो. समजा पन्नास संगणक आहेत आणि प्रत्येकाची मुदत दहा मिलिसेकंद. तुम्ही नुकतेच टोकन सोडले आणि उरलेल्या ४९ जणांनी आपापली मुदत पूर्ण वापरली, तरी ४९० मिलिसेकंदांत पाळी परत येणार. चार मेगाबिट वेगाला प्रत्येक संगणकाचा एक बिट विलंब धरला तर पन्नास जणांचे साडेबारा मायक्रोसेकंद होतात, म्हणजे नगण्य. संगणकांची संख्या आणि प्रत्येकाची मुदत या दोन्ही मर्यादित आहेत, म्हणून वाट पाहणेही मर्यादित आहे.

ही हमी टोकन शाबूत असेपर्यंतच. टोकन हरवले तर सगळेच गप्प बसतात. म्हणून कड्यातला एक संगणक पहारेकरी असतो. ठरावीक काळात टोकन किंवा संदेश दिसला नाही, तर तो कडे साफ करून नवे टोकन सोडतो. केबलच तुटली तर तुटीच्या पुढचा संगणक धोक्याचा संदेश सतत पाठवत राहतो, आणि त्यावरून बिघाडाची जागा कळते.

वर्दळ कमी असताना मात्र टोकन रिंगमध्येही पाळीसाठी थांबावे लागते, तर इथरनेट लगेच पाठवते. पुढे स्वस्त स्विच आले, प्रत्येक संगणकाला स्वतंत्र तार मिळाली आणि टकरीच संपल्या. कार्यालयांतून टोकन रिंग गेली. पण कारखान्यांतल्या प्रोफिबसमध्ये मुख्य नियंत्रक आजही टोकन फिरवतात. यंत्राला सरासरी नव्हे, कमाल विलंब माहीत असावा लागतो.