आधी गाडी, मग माणसं : खामकाठच्या श्रमदानाचा हिशेब

जटवाड्याच्या डोंगरातून निघणारी खाम हर्सूलच्या तलावातून छत्रपती संभाजीनगर शहरात उतरते, पाणचक्कीच्या कडेनं, लोखंडी पुलाखालून जाते आणि पुढे वाळूजच्या बाजूनं गोदावरीला मिळते. वर्षानुवर्षं शहराचं सांडपाणी आणि कचरा याच नदीत जात राहिला. 2021 पासून महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि व्हेरॉक कंपनी यांनी एकत्र येऊन खामचं पुनरुज्जीवन हाती घेतलं. सांडपाणी अडवणं, काठ मोकळे करणं, झाडं लावणं ही यंत्रणेची कामं. काठावरचा कचरा हातानं उचलायला मात्र नागरिकही उतरू शकतात, आणि तिथे नियोजन पक्कं नसेल तर चांगल्या मनानं आलेली माणसं पुन्हा फिरकत नाहीत.

असं नियोजन शेवटाकडून सुरू करावं लागतं. उचललेला कचरा कुठे जाणार, हा पहिला प्रश्न. या शहरानं त्याचं उत्तर फार कष्टानं शोधलं आहे. 2018 च्या फेब्रुवारीत नारेगावच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि कित्येक आठवडे रस्त्यारस्त्यांवर ढीग साचले. त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी अशी प्रक्रिया केंद्रं उभी राहिली. म्हणून काठावरची पोती उचलायला गाडी ठरलेली नसेल तर श्रमदानाची तारीख जाहीर करू नये. पोती काठावरच राहिली की कुत्री ती फाडतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात उरलंसुरलं परत नदीत जातं.

गाडी मागताना आणखी एक गाठ सोडवावी लागते. खामकाठी काही जागा महापालिकेच्या हद्दीत येतात, काही छावणीच्या. वीस पावलांवर हद्द बदलते आणि एकाची गाडी दुसऱ्याच्या काठावर येईलच असं नाही. त्यामुळे जागा निवडल्यावर स्वच्छता निरीक्षकाला प्रत्यक्ष काठावर बोलावून गाडी कुठवर येईल, कुठे वळेल, हे पायांनी मोजून घेतलेलं बरं. पोती खांद्यावरून दोनशे पावलं न्यावी लागणार असतील तर निम्मी माणसं नुसती वाहतुकीतच अडकतात.

आता एक उदाहरण पूर्ण मांडतो. समजा, दोनशे मीटरचा काठ निवडला. कामाची वेळ रविवारी सकाळी सात ते नऊ, आणि प्रत्यक्ष हजर चाळीस माणसं. त्यातली दहा पोती वाहायला, पाणी द्यायला, नोंद ठेवायला जातात. उरलेली तीस वेचतात. ओल्या, चिखलानं माखलेल्या कचऱ्याचं पोतं अर्ध्यावरच थांबवायचं, नाहीतर ते एकाला उचलत नाही. असं अर्धं पोतं साधारण बारा किलो भरतं. एकजण तासाला दोन पोती भरतो असं धरलं तर दोन तासांत एकशे वीस पोती, म्हणजे जवळपास दीड टन. छोट्या घंटागाडीच्या दोन खेपा. पोती एकशे चाळीस आणावीत, कारण काही फाटतातच. पोती म्हणजे धान्याच्या रिकाम्या गोण्या. काळ्या पातळ पिशव्या बाभळीच्या काट्याला आणि काचेला टिकत नाहीत.

बाकी सामान याच आकड्यांवरून ठरतं. तळव्याला रबर लावलेले हातमोजे पन्नास जोड, कारण काही भिजतात, काही हरवतात. काच आणि पत्र्यासाठी चामड्याचे पाच-सहा जोड वेगळे. दहा दाताळी, सहा फावडी, आठ घमेली, आणि चिंधी नि पिशव्या झुडपांतून ओढायला आकड्याच्या काठ्या. सुई दिसली की हात लावायचा नाही. चिमट्यानं उचलून जाड प्लास्टिकच्या बरणीत टाकायची, आणि बरणी ठरलेल्या एकाच माणसाकडे राहते. पाण्यात कुणी उतरायचं नाही, तिथे सांडपाणी असतं. साबण आणि हात धुवायचं पाणी पिण्याच्या जारपेक्षा वेगळं ठेवावं. घाईत दोन्ही एकाच पिंपातून घेतली जातात, आणि संध्याकाळी पोट बिघडतं.

माणसं जमवताना सुटे होकार गोळा करण्यापेक्षा गट शोधावेत. कॉलेजांत राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना वर्षाला 120 तास सेवा करायची असते. कार्यक्रम अधिकाऱ्याला पत्र दिलं की पंधरा-वीसजण एकदम येतात. त्यांची हजेरी काम संपल्यावर घ्यावी. सुरुवातीला घेतली की फोटो निघेपर्यंत निम्मी पोरं चहाच्या टपरीवर असतात. गणेश मंडळ, महिला मंडळ, मशिदीची कमिटी, सकाळी फिरायला येणाऱ्यांचा कट्टा, यांच्याकडून प्रत्येकी एकच नाव घ्यायचं आणि त्या माणसाला पाचजण आणायला सांगायचं. काठावरच राहणाऱ्या घरांत आधी जाऊन यावं. बाहेरची माणसं येऊन आपल्याला शिकवतात असं त्यांना वाटलं तर सोमवारी तिथेच कचरा पडतो.

तारखेला दोन-तीन अडसर असतात. पावसाळ्यात काठ निसरडा आणि पाण्याचा भरवसा नाही. एप्रिल-मेत ऊन इतकं की साडेसहालाच सुरू करून साडेआठला थांबावं लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण तेव्हाही कॉलेजच्या परीक्षा आणि लग्नाच्या तिथी बघाव्यात. रमजानमध्ये रोजेदार कार्यकर्त्यांवर उन्हातलं काम टाकू नये. कारखान्यांची सुटी रविवारीच असते असंही नाही, तेव्हा कामगारांना आधी विचारावं.

आता न येणाऱ्यांचं. «येतो» हे आपल्याकडे बऱ्याचदा नकार न देण्याची रीत असते, त्याचा राग धरण्यात अर्थ नाही. मी ऐंशी होकारांवर चाळीस माणसं धरतो. गुरुवारी प्रत्येक गटप्रमुखाला आकडा विचारायचा, शनिवारी संध्याकाळी फोन करून परत विचारायचा. मेसेजवरच्या अंगठ्यावर विसंबायचं नाही. आणि एवढं करूनही अठराच माणसं आली तर काय, हे आदल्या दिवशीच ठरलेलं हवं.

त्यासाठी दोनशे मीटरचे पन्नास-पन्नास मीटरचे चार तुकडे करायचे आणि त्यांना क्रम द्यायचा. पहिला तुकडा पुलाजवळचा, जिथून कचरा पाण्यात घसरतो. एका तुकड्यावर दहाजण उभे राहिल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. सव्वासातला मोजणी. अठरा निघाले तर एकावर दहा, दुसऱ्यावर आठ असे दोनच तुकडे, उरलेले दोन पुढच्या तारखेला. पाचजण वाहतुकीत गेले तर तेराजण वेचतात, बावन्न पोती होतात, सहाशे किलोच्या थोडं वर. एकच खेप पुरते, म्हणून दुसरी गाडी साडेसातच्या आत फोन करून थांबवायची. हा फोन राहिला तर ड्रायव्हर तासभर ताटकळतो आणि पुढच्या वेळी वॉर्ड ऑफिस गाडी द्यायला टाळाटाळ करतं. चारही तुकडे अर्धवट करण्याचा मोह मात्र जबरदस्त असतो, तो आवरावा: स्वच्छ झालेला पन्नास मीटर काठ राहणाऱ्यांना दिसतो, सगळीकडे थोडा उचललेला कुणालाच दिसत नाही.

उलटही घडतं. एखादं कॉलेज न सांगता साठ मुलं पाठवतं. हातमोजे नाहीत त्यांना वेचायला पाठवायचं नाही. त्यांच्याकडून रस्त्यावरून गाडीपर्यंत माणसांची साखळी करून पोती पुढे सरकवायची, किंवा घराघरांत जाऊन गाडीची वेळ आणि ओला-सुका कसा वेगळा ठेवायचा ते सांगायला धाडायचं.

गाडी गेल्यावर दाताळी, फावडी मोजून परत घ्यायची. एखादं दाताळं कमी भरतंच. सोमवारी न आलेल्यांना फोन जातो, पण जाब विचारायला नाही. वेळ अडचणीची होती, जागा सापडली नाही की घरी काही काम निघालं, एवढंच विचारायचं आणि वहीत लिहून ठेवायचं. «जागा सापडली नाही» हे उत्तर वारंवार आलं तर पुढच्या निरोपात नुसतं लोखंडी पूल असं न लिहिता, पुलाच्या कुठल्या टोकाला आणि कुठल्या काठावर जमायचं तेही लिहायचं.