लीड किती आणि ऑर्डरी किती?

मार्केटिंग एजन्सीचा मासिक अहवाल बहुधा मोठ्या आकड्यांनी उघडतो: जाहिरात इतक्या लाख वेळा दिसली, इतक्या हजार लोकांनी क्लिक केले. हे आकडे खोटे नसतात, पण धंदा किती झाला ते त्यांतून कळत नाही.

समजा, मॉड्युलर किचन बनवणाऱ्या एका व्यावसायिकाने महिन्यात गूगलवर ६०,००० आणि फेसबुक-इन्स्टाग्रामवर ४०,००० रुपये खर्च केले. अहवाल म्हणतो, २५० लीड आल्या, दर लीडला ४०० रुपये पडले. इथे पहिला प्रश्न: लीड म्हणजे नेमके काय मोजले? व्हॉट्सॲपच्या बटणावर नुसते बोट पडले तरी ते मोजता येते, आणि पूर्ण भरलेला फॉर्मही मोजता येतो. दोन्हींची एकत्र बेरीज निरुपयोगी.

दुसरा प्रश्न: एकच ग्राहक दोनदा धरला आहे का? मूळ सेटिंग बदललेले नसेल, तर फेसबुक क्लिकनंतर सात दिवसांत, किंवा जाहिरात नुसती दिसल्यानंतर एका दिवसात आलेल्या चौकशीचे श्रेय स्वतःकडे घेते. गूगल क्लिकनंतर तीस दिवसांपर्यंत घेते. दोन्हीकडच्या जाहिराती पाहून आलेला माणूस मग दोन्ही खात्यांत जमा होतो. म्हणून एजन्सीकडून फोन नंबरांची यादी मागवून ती दुकानाच्या चौकशीवहीशी ताडून पाहावी. या उदाहरणात वेगळे नंबर १६० निघाले आणि ऑर्डरी ७. एजन्सीची २५,००० फी धरली, तर खर्च सव्वा लाख. म्हणजे एका ऑर्डरीला सुमारे १७,९०० रुपये. एका किचनमागे ४०,००० सुटत असतील तर सौदा चांगला, १५,००० सुटत असतील तर तोट्याचा. किचनचा निर्णय व्हायला मात्र काही आठवडे लागतात, त्यामुळे ऑर्डर कधी आली यापेक्षा तिची चौकशी कोणत्या महिन्यातली, यावर हिशेब ठेवावा. नाहीतर चांगला महिनाही वाईट दिसतो.

तिसरा प्रश्न थोडा अडचणीचा असतो: यांतले किती जण दुकानाचे नाव टाइप करून आले? ते बहुतेक जाहिरातीशिवायही आले असते. स्पर्धक त्याच नावावर बोली लावत असतील, तर अशा जाहिरातीला अर्थ आहे. पण तिचे आकडे वेगळे दाखवायला सांगावे. ते बाजूला काढले की उरलेल्या लीडचा दर कित्येकदा चांगलाच वाढतो.

तुलना कशाशी केली, हेही विचारावे. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होते, २०२५ मध्ये ऑक्टोबरातच आले. अशा वर्षांत ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना फसवी ठरते.

शेवटी, महिन्यात नेमके कोणते बदल केले, हे गूगलच्या जाहिरात खात्यातील बदलांच्या नोंदीत दिसते. ती पाहण्यासाठी व्यावसायिकाला खात्यात प्रवेश हवा, आणि खाते त्याच्याच मालकीचे असावे. एजन्सी ते स्वतःच्याच ताब्यात ठेवू पाहत असेल, तर ते आधी आपल्याकडे मागून घ्यावे, अहवाल मग वाचावा.